फोन सारखा बंद पडतोय? दोष ॲपचा की फोनचा, हे सेफ मोडमध्ये कसं ओळखायचं

फोन अधूनमधून गोठतो, स्क्रीन काळी होते, कंपनीचं चिन्ह दिसतं आणि तो पुन्हा सुरू होतो. दुकानात नेला की काउंटरवर मात्र अगदी शहाण्यासारखा चालतो. मग अंदाज सुरू होतात: बॅटरी गेली असेल, मदरबोर्ड गेला असेल, एकदा फॉरमॅट मारून बघू. फॉरमॅट मारल्यावर बऱ्याचदा फोन सुधारतोही. पण गुगल खात्यातून जुनी ॲप्स परत आली की आठवडाभरात पुन्हा तेच सुरू होतं, कारण दोषी कोण हे शोधलेलंच नसतं. ते शोधण्याची सोय अँड्रॉइडमध्येच आहे. तिला पैसे लागत नाहीत आणि तिच्यात एकही फोटो पुसला जात नाही. तिचं नाव सेफ मोड.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. एखादं ॲप बिघडलं तर खरं म्हणजे फक्त ते ॲप बंद पडायला हवं. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला वेगळं ठेवतं. एकाला दुसऱ्याच्या फायली किंवा मेमरी थेट दिसत नाही. म्हणूनच साधारण बिघाडात ‘अमुक ॲप बंद पडलं’ एवढीच पाटी येते आणि बाकी फोन चालू राहतो. अख्खा फोन आडवा करायचा तर ॲपला त्यापेक्षा मोठी पोच हवी. ती पोच बहुतेक वेळा आपणच परवानगी देऊन ठेवलेली असते. ‘इतर ॲप्सच्या वर दिसण्याची’ परवानगी मिळालेलं ॲप संपूर्ण स्क्रीनवर आपली चादर पसरू शकतं. चादर पसरून ते स्वतःच अडकलं की खालचं काहीच दाबता येत नाही. ॲक्सेसिबिलिटी ही सोय मुळात दृष्टिहीन किंवा हातांचा त्रास असलेल्यांसाठी आहे. तिची परवानगी मिळालेल्या ॲपला स्क्रीनवरची प्रत्येक हालचाल कळते आणि तुमच्या वतीने बटणं दाबताही येतात.

तिसरा मार्ग मेमरीचा. एखादं ॲप रॅम खात सुटलं की अँड्रॉइड जागा करण्यासाठी मागे चालणारी ॲप्स एकेक करून मारतं. मागची संपली की होम स्क्रीनसारख्या गोष्टींवर पाळी येते. होम बटण दाबल्यावर सगळे आयकॉन नाहीसे होऊन एकेक करून परत उगवताना दिसले, तर हेच घडलेलं असतं. ताण त्याहून वाढला आणि फोनचा मुख्य कारभार पाहणारी प्रक्रिया बराच वेळ अडकून पडली, तर तिच्यावर नजर ठेवणारा पहारेकरी प्रोग्राम तिला मारून पुन्हा उभी करतो. आपल्याला दिसतं ते एवढंच, की फोन आपोआप रिस्टार्ट झाला.

आता सेफ मोड नेमकं काय करतो ते पाहू. एखाद्या वाड्यातल्या भांडणाचं मूळ शोधायचं म्हणून सगळ्या भाडेकरूंना तात्पुरतं बाहेर काढावं आणि फक्त घरमालकाच्या कुटुंबाला आत राहू द्यावं, तसं काहीसं. फोनबरोबर आलेली ॲप्स चालतात आणि तुम्ही नंतर टाकलेली सगळी ॲप्स थांबवली जातात. ती पुसली जात नाहीत, त्यांची माहितीही जात नाही, फक्त त्यांना सुरू होऊ दिलं जात नाही. भाडेकरू बाहेर असताना भांडण थांबलं, तर ते त्यांच्यातल्या कुणामुळे तरी होत होतं. तरीही चालूच राहिलं, तर कारण घरातच आहे.

यातून मिळणारं उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असं असतं. सेफ मोड दोषीचं नाव सांगत नाही. शोध घ्यायचा की नाही आणि कुठे घ्यायचा, तेवढं तो ठरवून देतो. नाव पुढे आपल्याला काढावं लागतं.

सेफ मोडमध्ये शिरायला पॉवर बटण दाबून धरा. नव्या बऱ्याच फोनमध्ये पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबावं लागतं. बंद करण्याचा पर्याय दिसला की त्यावर नुसतं टेकवू नका, बोट तसंच दाबून ठेवा. सेकंद-दोन सेकंदांत Reboot to safe mode असा प्रश्न येतो, तिथे OK म्हणा. काही फोनमध्ये बंद करण्याच्या चिन्हाच्या जागी थेट Safe mode चं चिन्ह येतं. दाबून धरूनही काहीच आलं नाही, तर फोन पूर्ण बंद करा, सुरू करा आणि कंपनीचं चिन्ह दिसताच आवाज कमी करायचं बटण लॉक स्क्रीन येईपर्यंत दाबून धरा. खाली डाव्या कोपऱ्यात Safe mode ही अक्षरं दिसली की तुम्ही आत पोहोचलात. बाहेर यायला साधं रिस्टार्ट पुरतं.

आत गेल्यावर दोन-तीन गोष्टींनी दचकायला होतं. व्हॉट्सॲप आणि पेमेंटची ॲप्स बहुधा करडी दिसतील आणि उघडणार नाहीत, कारण बहुतेक फोनमध्ये ती नंतर टाकलेली असतात. या काळात आलेले संदेश हरवत नाहीत, नेहमीच्या मोडमध्ये परतलात की येतात. मराठीसाठी वेगळा कीबोर्ड टाकला असेल तर त्याच्या जागी फोनचा मूळ कीबोर्ड येईल. होम स्क्रीनवरचे काही विजेट नाहीसे होतील आणि ते नंतर पुन्हा लावावे लागू शकतात, म्हणून आधी होम स्क्रीनचा एक स्क्रीनशॉट काढून ठेवा. वेगळं अलार्म ॲप वापरत असाल तर ते वाजणार नाही. रात्रभर सेफ मोड ठेवून सकाळच्या गाडीचा अलार्म त्या ॲपवर सोडू नका.

बरेच जण चुकतात ते यापुढे. सेफ मोडमध्ये जातात, पाच मिनिटं इकडेतिकडे बोटं फिरवतात, फोन बंद पडला नाही की ‘ॲपचाच दोष’ म्हणून मोकळे होतात. पण चाचणीला अर्थ यायचा तर ज्या परिस्थितीत फोन पडत होता तीच परिस्थिती आत उभी करावी लागते. फोन कॉलवर असताना पडत होता का? मग आत गेल्यावर कॉल लावा आणि नेहमी लागायचा त्याहून जास्त वेळ बोला. इथे एक खाचखळगा आहे: काही फोन सेफ मोडमध्ये जाताना एअरप्लेन मोड आपोआप चालू करतात. तो बंद केला नाही तर नेटवर्कशी संबंधित बिघाड दिसणारच नाही आणि फोन उगीच निर्दोष ठरेल. दिवसातून एकदाच पडणारा फोन असेल तर निदान एक दिवस तरी सेफ मोडमध्ये काढावा लागेल. हे गैरसोयीचं आहे, पण त्याला पर्याय नाही.

दुसरी फसगत बॅटरीची. जुनी बॅटरी साध्या कामाला पुरते, पण अचानक जास्त वीज मागितली की तिचा दाब कोसळतो आणि फोन बंद पडतो. सेफ मोडमध्ये ॲप्स कमी, म्हणून ताणही कमी. त्यामुळे अशी बॅटरी तिथे चांगलं वागल्याचं सोंग करू शकते. म्हणून आत असताना मुद्दाम ताण द्या. स्क्रीनचा उजेड पूर्ण करा, फोनच्या मूळ कॅमेऱ्याने दिवा लावून दहा-पंधरा मिनिटं व्हिडिओ काढा. चार्ज तीस-चाळीस टक्के दाखवत असताना फोन पटकन बंद झाला आणि चार्जर लावल्याशिवाय उठलाच नाही, तर ॲप शोधण्यात वेळ घालवू नका, बॅटरी तपासून घ्या.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. माझ्या आत्याचा फोन, रॅम 4 जीबी, तीनेक वर्षं वापरातला. तक्रार अशी की चार्जर लावला की फोन गोठतो, कधी कधी आपोआप रिस्टार्ट होतो. चार्जर लावल्यावरच होतं म्हटल्यावर सगळ्यांचा संशय अर्थातच चार्जरवर. तो बदलून झाला. मग चार्जिंगच्या खाचेवर, मग बॅटरीवर. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्डाचं नाव काढलं तेव्हा आत्या म्हणाली, “अरे, एवढ्यात नवाच येईल की!”

सेफ मोडमध्ये नेऊन तोच चार्जर लावला. काही झालं नाही. काढला, पुन्हा लावला, चार्जिंग चालू ठेवून कॅमेरा चालवला. फोन शांत. आता चार्जर, खाच, बॅटरी आणि मदरबोर्ड हे चौघेही संशयातून बरेचसे सुटले. राहिली ती नंतर टाकलेली ॲप्स.

ती पन्नासाच्या वर असतील. सगळी एकेक करून काढत बसायची गरज नसते, कारण लक्षणच वाट दाखवतं. चार्जर लावल्याचं कळल्यावर जागं होणारं ॲप कोणतं? आणि स्क्रीनवर येण्याची परवानगी कोणाकडे आहे? सेटिंग्जमध्ये Special app access नावाचा भाग असतो, त्यात Display over other apps ची यादी आहे. आत्याच्या फोनवर त्या यादीत दोन अनोळखी नावं निघाली. एक होतं चार्जिंगच्या वेळी रंगीत चित्रं दाखवणारं ॲप, मागे कधीतरी नातवाने प्ले स्टोअरवरून टाकलेलं. दुसरं व्हिडिओ उतरवून घ्यायचं ॲप, कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या एपीके फायलीतून, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून थेट टाकायच्या फायलीतून, आलेलं. ॲपच्या माहितीच्या पानावर अगदी तळाशी ते कुठून आलं हे लिहिलेलं असतं. पहिल्यापुढे प्ले स्टोअरचं नाव होतं, दुसऱ्यापुढे नव्हतं.

घरातल्या सगळ्यांनी बोट दाखवलं ते अर्थातच एपीकेवाल्याकडे. चित्रंवालं ॲप कितीतरी महिने गुण्यागोविंदाने चालत होतं ना!

इथे Force stop उपयोगी पडतं. नेहमीच्या मोडमध्ये ॲपच्या माहितीच्या पानावर हे बटण असतं. त्याने ॲप त्या क्षणी मरतं, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण असं थांबवलेलं ॲप सहसा तुम्ही स्वतः उघडेपर्यंत थांबलेलंच राहतं. फोन रिस्टार्ट झाला तरी ते आपणहून उठत नाही. म्हणजे काहीही न काढता एकेका ॲपला बाजूला बसवून चाचणी घेता येते. चाचणीच्या मधे चुकून त्याच्या आयकॉनला हात लावायचा नाही, एवढं पथ्य.

आधी व्हिडिओवालं ॲप थांबवलं आणि चार्जर लावला. फोन गोठला. मग चित्रंवालं थांबवलं आणि चार्जर लावला. काही नाही. रिस्टार्ट करून पुन्हा लावला, तरी काही नाही. आता शेवटची पायरी, जी लोक कंटाळून टाळतात: चित्रंवालं ॲप मुद्दाम एकदा उघडलं, बंद केलं आणि चार्जर लावला. फोन पुन्हा गोठला. बाजूला बसवल्यावर त्रास थांबतो आणि परत आणल्यावर सुरू होतो, अशी दोन्ही टोकं जुळली की योगायोगाला फारशी जागा उरत नाही. नुसतं थांबवल्यावर बरं वाटणं हा पुरावा अर्धाच असतो.

पण महिनोन्‌महिने नीट चालणारं ॲप अचानक का बिघडलं? प्ले स्टोअरमध्ये आपल्या खात्याच्या चित्रावर टेकवून Manage apps & device मध्ये गेलं की Manage या टॅबखाली ॲप्सची यादी येते आणि ती ‘नुकतीच अपडेट झालेली’ या क्रमाने लावता येते. हे ॲप त्या यादीत वरच होतं. नव्या आवृत्तीत चित्रांबरोबर जाहिरातींचे व्हिडिओ आले होते. चार्जर लावला की सगळं एकदम पूर्ण स्क्रीनवर यायला बघायचं आणि 4 जीबीच्या फोनला ते झेपायचं नाही.

म्हणून संशयितांच्या यादीत ‘नवं काय टाकलं’ इतकंच ‘नवं काय बदललं’ हेही धरायला हवं. याचं मोठं उदाहरण 2020 च्या डिसेंबरचं. ‘Barcode Scanner’ नावाचं एक साधं ॲप प्ले स्टोअरवर एक कोटीहून जास्त वेळा उतरवलं गेलं होतं आणि लोक ते वर्षानुवर्षं वापरत होते. त्या महिन्यात आलेल्या एका अपडेटनंतर फोनचा ब्राउझर आपोआप उघडून जाहिराती दिसू लागल्या. लोकांनी नवं काही टाकलंच नव्हतं, त्यामुळे शोध कुठून सुरू करायचा हेच त्यांना कळेना. मालवेअरबाइट्स या सुरक्षा कंपनीने 2021 च्या फेब्रुवारीत त्याबद्दल लिहिलं आणि गुगलने ते प्ले स्टोअरवरून काढलं. पण स्टोअरवरून काढलेलं ॲप लोकांच्या फोनमधून आपोआप गेलंच असं नाही. ते हातानेच काढावं लागतं.

आत्याच्या फोनमधून चित्रंवालं ॲप काढलं आणि व्हिडिओवालंही काढलं. फोन पाडण्यात दुसऱ्याचा हात नव्हता, तरी त्याने एसएमएस वाचायची परवानगी घेऊन ठेवली होती. व्हिडिओ उतरवणाऱ्या ॲपला बँकेचे ओटीपी वाचायचं काय काम? फोन पाडणारं ॲप आणि घातक ॲप एकच असेल असं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घातक ॲपला गुपचूप राहण्यातच फायदा असतो. फोन सारखा बंद पडला तर ते पकडलं जाईल. त्यामुळे बंद पडण्याचं कारण सापडल्यावर शोध तिथेच थांबवू नका.

कधी कधी ॲप काढूच दिलं जात नाही. Uninstall चं बटण करडं असतं किंवा दाबताक्षणी सेटिंग्जचं पानच बंद होतं. पान आपोआप बंद होत असेल तर ते ॲप बहुधा ॲक्सेसिबिलिटीच्या परवानगीने तुमच्यावर नजर ठेवून आहे आणि तुम्ही त्या पानावर पोहोचलात की स्वतःच मागे जायचं बटण दाबतं आहे. अशा वेळी सेफ मोडची खरी किंमत कळते, कारण आत ते ॲप चालतच नाही, मग अडवणार कोण? बटण करडं असेल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत Device admin apps शोधा, त्या ॲपपुढची खूण काढा आणि मग ते काढून टाका. या यादीतल्या ॲपवर Force stop देखील चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. नोकरीच्या ठिकाणचं ॲप या यादीत असेल तर त्याला मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका.

अशी ॲप्स होम स्क्रीनवरचा आपला आयकॉन लपवतात किंवा फोनच्याच एखाद्या भागासारखं नाव घेतात. म्हणून शोध होम स्क्रीनवर नको, सेटिंग्जमधल्या सगळ्या ॲप्सच्या यादीत घ्या. कॉम्प्युटर जोडता येत असेल, त्यावर गुगलचं adb हे साधन टाकलेलं असेल आणि फोनच्या Developer options मध्ये यूएसबी डीबगिंग चालू केलं असेल, तर ही एक आज्ञा नंतर टाकलेल्या सगळ्या ॲप्सची खरी नावं आणि ती कुठून आली हे दाखवते:

```
adb shell pm list packages -3 -i
```

ज्या ओळीत `installer=com.android.vending` आहे ते ॲप प्ले स्टोअरवरून आलेलं. बाकीच्या ओळी आधी तपासा.

एसएमएसची परवानगी घेतलेलं ॲप एपीकेतून आलं असेल, मग ते दंडाच्या चलनाच्या नावाने असो की लग्नपत्रिकेच्या, तर फोन बरा झाला म्हणजे काम संपलं असं नाही. आधी फोनचं इंटरनेट बंद करा. बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा, पासवर्ड आणि यूपीआयचा पिन बदला, आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर तक्रार करा. अशा ॲपने आधी काय काय पाठवलं असेल हे सेफ मोड सांगू शकत नाही. या एका प्रसंगात फोटो आणि संपर्क सुरक्षित ठेवून फोन पूर्ण पुसणं मला योग्य वाटतं.

आता उलट बाजू. सेफ मोडमध्येही फोन तसाच पडत असेल तर नंतर टाकलेली ॲप्स सुटली. मग आधी साठवणीची जागा बघा. ती काठोकाठ भरली असेल तर फोन असाच अडखळतो. त्यानंतर गरम होणं, बॅटरी, मेमरी कार्ड. आणि फोनबरोबर आलेली ॲप्स विसरू नका. स्वस्त फोनमध्ये कंपनी स्वतःच बरीच ॲप्स घालून देते. ती घरमालकाच्या कुटुंबात मोडतात, त्यामुळे सेफ मोडमध्येही चालत राहतात.

फोनबरोबर आलेला भागच बिघडला तर काय होतं याचा अनुभव 2021 च्या मार्चमध्ये जगभरच्या लोकांनी घेतला. Android System WebView हा भाग इतर ॲप्सना आपल्या आत वेबपानं दाखवायला मदत करतो. त्याच्यातल्या दोषामुळे जीमेलसकट अनेक ॲप्स उघडताक्षणी बंद पडू लागली. लोक एकेक ॲप काढून पुन्हा टाकत बसले, पण ती ॲप्स निर्दोष होती. गुगलने क्रोम आणि त्या भागाचं नवं अपडेट दिल्यावर प्रकरण मिटलं. अनेक ॲप्स एकाच दिवशी बंद पडायला लागली तर एका ॲपमागे लागू नका. अशा मूळ भागाच्या माहितीच्या पानावर वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत Uninstall updates असतं. त्याने तो भाग फोनबरोबर आलेल्या जुन्या आवृत्तीवर जातो. तेवढ्याने त्रास थांबला तर दोषी अपडेट. नवं, दुरुस्त अपडेट आलं की ते लगेच घ्या, कारण जुन्या आवृत्तीत सुरक्षेची भोकं असतात.

काम झाल्यावर रिस्टार्ट करूनही फोन सेफ मोडमध्येच उठत राहिला तर घाबरू नका. वरून खाली ओढायच्या सूचनांमध्ये सेफ मोड चालू असल्याची पट्टी दिसली तर तिच्यावर टेकवून बघा. तरीही होत नसेल तर फोनचं कव्हर काढा आणि आवाज कमी करायचं बटण आत अडकून राहिलंय का ते तपासा. फोन सुरू होताना ते बटण दाबलेलं राहिलं की फोन समजतो, तुम्हीच सेफ मोड मागताय.